दीडशे पानांचा इंग्रजी रिपोर्ट आणि दीड पानांचा मराठी सारांश

प्रश्न: आमचा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा घरचा धंदा आहे. नवीन छपाई मशीन घ्यायचं का, यावर घरात चर्चा चालू आहे. चुलतभावाने पॅकेजिंग मार्केटचा १४८ पानांचा इंग्रजी रिपोर्ट विकत घेतलाय. बाबा आणि काका इंग्रजी वाचत नाहीत, पण निर्णय तेच घेणार. मला दोन पानांत मराठी सारांश लिहायला सांगितलंय. रिपोर्टमध्ये सुरुवातीला चार पानांची ‘एक्झिक्युटिव्ह समरी’ आहे. तिचंच भाषांतर करून दिलं तर चालेल का? नसेल तर सुरुवात कुठून करू?

उत्तर:

त्या चार पानांचं भाषांतर करू नका. असा रिपोर्ट अनेक गिऱ्हाइकांना विकायचा असतो. त्यात गुंतवणूकदार असतात, मशीन बनवणारे असतात, देशभर माल विकणाऱ्या मोठ्या कंपन्या असतात. सुरुवातीची पानं या सगळ्यांसाठी मिळून लिहिलेली असतात, त्यामुळे त्यांत देशाची एकूण बाजारपेठ, वाढीचा दर आणि मोठ्या कंपन्यांची यादी येते. बाबा आणि काकांना हवं असलेलं उत्तर तिथे नसतं. ते बहुधा मधल्या एखाद्या तक्त्यात आणि शेवटच्या पानांवरच्या बारीक टिपेत असतं.

सुरुवात रिपोर्ट न उघडता करा. बाबांना आणि काकांना वेगवेगळं गाठा आणि विचारा, ‘मशीनचं ठरवायला तुम्हाला नेमकं काय कळायला हवंय?’ दोघांना एकत्र बसवून विचारलंत तर थोरल्याचा प्रश्न दोघांचा होतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. बाबा म्हणतील, ‘हप्ता निघेल एवढं काम येईल का?’ काका म्हणतील, ‘आपल्या जुन्या पार्ट्या साधं खोकं सोडून छापील घेतील का?’ हे प्रश्न त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवा. तीन-चारच निघतील. तुमचा सारांश म्हणजे या प्रश्नांची रिपोर्टमधून मिळणारी उत्तरं. बाकीची पानं कितीही चांगली लिहिलेली असली तरी त्यांना या दीड पानात जागा नाही.

मग रिपोर्ट उघडा, पण शेवटून. ‘मेथडॉलॉजी’ आणि ‘डेफिनिशन्स’ ही पानं आधी वाचा. ‘पॅकेजिंग’मध्ये त्यांनी काय काय धरलंय, फक्त कॉरुगेटेड खोकी की औषधांची छोटी कार्टनंही, बाजार रुपयांत मोजलाय की टनांत, कोणतं वर्ष पाया धरलंय आणि माहिती कोणाला विचारून गोळा केलीय, हे तिथे कळतं. ‘एफवाय २५’ असं लिहिलं असेल तर आपल्याकडे त्याचा अर्थ एप्रिल २०२४ ते मार्च २०२५. बाहेरच्या कंपनीचा रिपोर्ट असेल तर त्यांचं वर्ष जानेवारीला सुरू होत असू शकतं, तेही याच पानांवर सापडेल. ही पानं न वाचता पुढचा एकही आकडा वहीत उतरवू नका.

वाचताना वहीत तीन रकाने ठेवा. पहिल्यात पान क्रमांक. दुसऱ्यात रिपोर्टचं वाक्य जसंच्या तसं, इंग्रजीतच. तिसऱ्यात ती माहिती कोणत्या जातीची आहे ते एका शब्दात: मोजलेली, सांगितलेली की अंदाजाची. गेल्या वर्षी किती कागद खपला ही मोजलेली माहिती. खरेदी अधिकारी म्हणाले की आम्ही छापील खोकी घेऊ, ही सांगितलेली. २०३० साली बाजार एवढा होईल, हा अंदाज. इंग्रजी रिपोर्टमध्ये हे तिन्ही प्रकार एकाच ठाम सुरात, एकाच परिच्छेदात येतात. सारांशात ते वेगळे दिसले नाहीत, तर बाबा आणि काका तिन्हींवर सारखाच विश्वास ठेवतील. माझ्या मते या कामातली सगळ्यात मोठी जबाबदारी हीच आहे.

आता दोन आकडे घेऊन पाहू. हे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, त्यांच्या जागी तुमच्या रिपोर्टमधले बसवा.

समजा पान १२ वर लिहिलंय की देशातला खोक्यांचा बाजार ५२७ बिलियन रुपयांचा आहे आणि २०२५ ते २०३० दरम्यान तो ११ टक्के ‘सीएजीआर’ने वाढेल. पहिलं काम बिलियन उलगडण्याचं. एक बिलियन म्हणजे १०० कोटी, म्हणून हा आकडा ५२,७०० कोटी. मिलियन असेल तर दहा लाख. ‘अब्ज’ आणि ‘दशलक्ष’ हे शब्द बरोबर आहेत, पण धंद्यातला माणूस हिशेब लाख-कोटीत करतो. अब्ज वाचला की तो डोळे मिटून शून्यं मोजायला लागतो आणि वाक्याचा धागा सुटतो. कोटीच लिहा.

‘सीएजीआर’साठी ‘चक्रवाढ वार्षिक वृद्धीदर’ असा लांबलचक शब्द नको. ‘दरवर्षी साधारण ११ टक्के, चक्रवाढीने’ एवढं पुरतं, चक्रवाढ काय ते व्याजामुळे सगळ्यांना ठाऊक असतं. पाच वर्षांचा एकूण परिणामही सांगा, कारण ११ गुणिले पाच करून ५५ टक्के धरणारे बरेच असतात. चक्रवाढीने ते जवळपास ६९ टक्के होतात, म्हणजे ५२,७०० कोटींचे सुमारे ८८,८०० कोटी.

पण हे वाक्य एवढ्यावरच सारांशात गेलं तर ते तुमच्या घराची दिशाभूल करेल. ही वाढ रुपयांतली आहे. खोक्याच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा कागदाचा असतो, आणि कागद महागला की खोकं महागतं. त्यामुळे एकही खोकं जास्त न विकता बाजार रुपयांत वाढलेला दिसू शकतो. तुमचं मशीन मात्र रुपये छापत नाही, ते माल छापतं. त्याला काम मिळेल का हे टनांवर किंवा नगांवर ठरतं. अशा वेळी रिपोर्टमध्ये किमतीबद्दल काय धरलंय ते शोधायचं. समजा पान १३१ वरच्या टिपेत लिहिलंय की खोक्यांचे भाव दरवर्षी ५ टक्के वाढतील असं आम्ही गृहीत धरलंय. मग १.११ ला १.०५ ने भागा. उत्तर येतं १.०५७. म्हणजे मालाची खरी वाढ वर्षाला ५.७ टक्क्यांच्या आसपास. पाच वर्षांत आजच्या १०० टनांचे १३२ टन होतात. पान १२ वाचून मात्र १६९ होतील असं वाटतं. हप्ता निघेल का, या बाबांच्या प्रश्नाला १३२ हा आकडा लागू पडतो. भावाबद्दलचं गृहीतक कुठेच सापडलं नाही, तर तसं सरळ लिहा: ‘ही वाढ रुपयांतली आहे. त्यात भाववाढ किती आणि जादा माल किती, हे रिपोर्टमध्ये दिलेलं नाही.’

आणखी एक गोष्ट. खोकी चपटी करून ट्रकमध्ये भरली तरी किमतीच्या मानाने जागा फार खातात, म्हणून लांबचं भाडं परवडत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तेव्हा देशाचा ५२,७०० कोटींचा बाजार हा तुमचा बाजार नव्हेच. रिपोर्टमध्ये विभागवार तक्ता असेल तर तुमच्या विभागाचा आकडा घ्या आणि देशाचा सोडून द्या. मोठा आकडा पहिल्या ओळीत टाकायचा मोह सगळ्यांना होतो. पण घरातल्यांच्या मनात तोच बसतो आणि पुढचं सगळं त्याच्या सावलीत वाचलं जातं.

दुसरा आकडा सर्वेक्षणाचा. समजा पान ८७ वर जाड अक्षरात आहे की ६८ टक्के खरेदीदार छापील खोकी देणाऱ्या पुरवठादाराकडे वळायला तयार आहेत. काकांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं वाटेल. आता तक्त्याखालची ओळ पाहा. तिथे ‘बेस’ किंवा ‘n=’ असं लिहून किती जणांना विचारलं ते दिलेलं असतं. समजा तिथे ६२ आहे, त्यातले ४५ मोठ्या कंपन्यांचे आणि १७ तुमच्या पार्ट्यांएवढ्या कारखान्यांचे. म्हणजे ६२ पैकी ४२ जण हो म्हणाले. यातही ‘नक्की घेऊ’ आणि ‘बहुतेक घेऊ’ अशी दोन वेगळी उत्तरं एकत्र केलेली असू शकतात. मार्केट रिसर्चवाले पाच पर्यायांतल्या वरच्या दोन उत्तरांची बेरीज करतात आणि तिला ‘टॉप टू बॉक्स’ म्हणतात. ही त्यांची रूढ पद्धत आहे, त्यात लबाडी काही नाही. पण परिशिष्टातला तक्ता काढून पाहिलात आणि ‘नक्की’ म्हणणारे १४ व ‘बहुतेक’ म्हणणारे २८ निघाले, तर चित्र बदलतं. ‘बहुतेक’ म्हणणारी पार्टी ऑर्डरच्या वेळी काय करते, हे काकांना कोणी शिकवायला नको.

६२ हा आकडा लहान आहे हेही कळायला हवं. अगदी चिठ्ठ्या टाकून निवडलेली ६२ माणसं असती, तरी ६८ टक्क्यांचा अर्थ साधारण ५६ ते ८० यांच्यामध्ये कुठेतरी, एवढाच निघाला असता. खरेदी अधिकारी तर ओळखीतून, फोनवर सापडतील तसे गाठलेले असतात, म्हणून अनिश्चितता याहून जास्तच धरा. हे गणित सारांशात लिहू नका. टक्के काढून टाका आणि माणसं मोजून लिहा: ‘६२ जणांना विचारलं, १४ म्हणाले नक्की, २८ म्हणाले बहुतेक.’ वाचणाऱ्याला नमुना किती लहान आहे ते आपोआप दिसतं, वेगळं समजवावं लागत नाही. शंभरच्या आतला नमुना असला की मी नेहमी असंच लिहिते.

आता भाषेकडे वळू. चुका बहुतेक वेळा अवघड शब्दांत होत नाहीत, साध्या शब्दांत होतात. ‘कन्झर्व्हेटिव्ह एस्टिमेट’ म्हणजे हात राखून केलेला अंदाज. त्याचं ‘पुराणमतवादी अंदाज’ झालेलं मी पाहिलंय. ‘की प्लेयर्स’ म्हणजे त्या धंद्यातल्या मोठ्या कंपन्या, ‘प्रमुख खेळाडू’ लिहू नका. ‘ट्रेड’ हा शब्द रिसर्चमध्ये बऱ्याचदा मधल्या विक्रेत्यांसाठी येतो. ‘ट्रेड मार्जिन’ म्हणजे डीलरचं मार्जिन. ते ‘व्यापारी नफा’ असं लिहिलं तर काकांना तो आपला नफा वाटेल. आणि जिथे घरात ‘पार्टी’, ‘माल’, ‘रील’, ‘उधारी’ म्हणतात, तिथे तुम्हीही तेच म्हणा. कागदावर ‘ग्राहक आस्थापना’ आली की बाबांना तो दुसऱ्या कोणाच्या तरी धंद्याचा कागद वाटतो.

सगळ्यात जपून वापरायचा शब्द म्हणजे ‘अपेक्षित’. इंग्रजी रिपोर्टमध्ये ‘एक्स्पेक्टेड’, ‘लाइकली’, ‘कुड’, ‘मे’ यांत फरक असतो. मराठीत घाईघाईने सगळ्यांचं ‘अपेक्षित आहे’ होतं, आणि मराठी कानाला ते जवळजवळ ठरल्यासारखं ऐकू येतं. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एका घरासाठी असा सारांश केला होता. मूळ वाक्यात एक अट होती: अमुक सरकारी नियम लागू झाला, तर मागणी वाढू शकते. जागा वाचवायला मी लिहिलं, ‘नव्या नियमामुळे मागणी वाढणे अपेक्षित आहे.’ अट गेली, ‘शकते’ही गेलं. थोरल्या भावाने ते पक्कं धरून दुसरं गोडाऊन भाड्याने घेतलं. नियम त्या वर्षी आलाच नाही. मी माझी चूक त्यांना जाऊन सांगितली, पण भाडं अकरा महिन्यांचं भरावं लागलं. तेव्हापासून मी वहीत ‘तर’ या शब्दाभोवती लाल गोल करते आणि सारांश संपला की प्रत्येक गोल मराठीत आलाय का ते पाहते. ‘कुड’ आणि ‘मे’ साठी ‘वाढू शकते’, ‘लाइकली’ साठी ‘वाढण्याची शक्यता जास्त’, आणि ‘एक्स्पेक्टेड’ साठी ‘वाढेल असा त्यांचा अंदाज आहे’. या वाक्यातलं ‘त्यांचा’ गाळायचं नाही, अंदाज कोणाचा ते वाचणाऱ्याला सतत दिसलं पाहिजे.

लिहायला बसाल तेव्हा इंग्रजी पान समोर ठेवू नका. फक्त वही घ्या, रिपोर्ट मिटून ठेवा आणि बाबांना तोंडी सांगताय तसं लिहा. मग पानं उघडून आकडे पडताळा. वर घेतलेल्या उदाहरणाचा सारांश मी साधारण असा लिहीन:

‘प्रश्न: छपाई मशीन घेतलं तर त्याला पुरेसं काम मिळेल का, आणि आपल्या पार्ट्या छापील खोकी घेतील का?

थोडक्यात: खोक्यांची मागणी वाढते आहे, पण रिपोर्टच्या पहिल्या पानांवरून वाटतं त्याच्या निम्म्या वेगाने. छापील खोक्यांबद्दल उत्सुकता दिसते, पण ती आपल्या पार्ट्यांची आहे असं या रिपोर्टवरून म्हणता येत नाही.

मागणी: रुपयांत वर्षाला ११ टक्के वाढ होईल असा त्यांचा अंदाज आहे (पान १२). त्यात ५ टक्के भाववाढ धरलेली आहे (पान १३१). ती वजा केली तर आज जिथे १०० टन माल लागतो तिथे २०३० साली साधारण १३२ टन लागेल. हा हिशेब मी रिपोर्टच्या आकड्यांवरून केला आहे.

छापील खोकी: ६२ खरेदी अधिकाऱ्यांना विचारलं. १४ म्हणाले नक्की घेऊ, २८ म्हणाले बहुतेक घेऊ (पान ८७ आणि परिशिष्ट). यातले ४५ जण मोठ्या कंपन्यांचे आहेत. आपल्या पार्ट्यांएवढ्या कारखान्यांचे फक्त १७. छपाईसाठी जादा दर किती देतील, हे कोणालाच विचारलेलं नाही.

रिपोर्टमध्ये नाही: आपल्या भागात अशी मशीनं आधीच किती आहेत, ती किती तास चालतात, आणि साध्या व छापील खोक्याच्या दरात फरक किती.’

शेवटचा ‘रिपोर्टमध्ये नाही’ हा परिच्छेद कधीही गाळू नका. काकांनी विचारलेलं पण रिपोर्टने न सांगितलेलं जे काही असेल, ते तिथे यायला हवं. नाहीतर एवढे पैसे देऊन आणलेल्या रिपोर्टमध्ये सगळं असणारच असं धरून घर पुढे जातं. तुमचं उदाहरण घ्या: मशीनचा निर्णय बहुधा जादा दरावर अडेल, आणि तो आकडा कुठल्याही रिपोर्टपेक्षा तुमच्या पहिल्या दहा पार्ट्यांना फोन करून लवकर मिळेल.

आता घरच्या धंद्यातली नाजूक बाजू. रिपोर्ट चुलतभावाने आणलाय, म्हणजे बहुधा मशीन त्याला हवंय. सारांश तुम्ही लिहिताय, आणि तुमचंही काही मत असेलच. ते मत सारांशात मिसळू देऊ नका. द्यायचंच असेल तर खाली रेघ मारून ‘माझं मत, रिपोर्टचं नव्हे’ असं लिहून दोन ओळींत द्या. पान क्रमांक याचसाठी लागतात. कोणी म्हणालं की तू तुला हवं तेच उचललंस, तर पान उघडून दाखवता येतं. चुलतभाऊ इंग्रजी वाचतो, तेव्हा कागद बाबांकडे जाण्याआधी त्याला द्या आणि एवढंच विचारा, ‘यात चुकलेलं काही आहे का, आणि तुझ्या मते महत्त्वाचं काही राहिलंय का?’ त्याने दाखवलेली चूक दुरुस्त करा. त्याला एखादी गोष्ट महत्त्वाची वाटत असेल आणि ती त्या तीन-चार प्रश्नांना धरून असेल, तर पान क्रमांकासह घाला.

लांबी ५०० ते ६०० शब्दांच्या आत ठेवा, म्हणजे दीड पान. अक्षर मोठं, ओळींमध्ये अंतर. एका परिच्छेदात दोनपेक्षा जास्त आकडे आले की वाचणारा मागे जाऊन पुन्हा वाचतो, म्हणून तिसरा आकडा पुढच्या परिच्छेदात ढकला किंवा सोडून द्या. सर्वेक्षणाचे किंवा एकाच हिशेबातले मोजके आकडे एकाच दमात सांगावे लागतात, तेवढा अपवाद करा.

शेवटची तपासणी अशी. कागद काकांना वाचायला द्या, मग तो बाजूला ठेवायला सांगा आणि विचारा, ‘काका, यात काय म्हटलंय ते बाबांना कसं सांगाल?’ काका म्हणाले, ‘बाजार वर्षाला अकरा टक्क्यांनी वाढतोय,’ तर तुमचा मागणीचा परिच्छेद फसलाय, ११ हा आकडा १३२ च्या आधी आणि जास्त ठळक पडलाय. तो खाली घ्या किंवा काढून टाका. ते म्हणाले, ‘पार्ट्या छापील घ्यायला तयार आहेत,’ तर १७ चा आकडा त्यांच्या नजरेतून सुटलाय, त्याला वेगळं वाक्य आणि वेगळी ओळ द्या. मला स्वतःला बहुतेक वेळा दोनदा दुरुस्ती करावी लागते. ‘काम वाढेल, पण फार नाही, आणि छपाईचं आपल्यालाच विचारावं लागेल,’ असं काकांच्या तोंडून आलं, की तो कागद बाबांच्या हातात द्या.